दुबार नावं शोधून देण्याचं काम: खर्च कशाचा, किती आणि कुठे वाढतो

दोन संस्थांचं विलीनीकरण झालं, जिल्ह्याजिल्ह्यांच्या याद्या एकत्र केल्या किंवा जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवल्या, की एकच माणूस यादीत दोनदा-तीनदा दिसू लागतो. अशा नोंदी शोधून देणाऱ्यांचे दर बहुधा ‘नोंदीमागे इतके’ असे असतात. खरा खर्च मात्र नोंदींच्या संख्येवर ठरत नाही. तो ठरतो किती जोड्या ताडून पाहायच्या यावर, आणि तो आकडा काम देण्याआधीच काढता येतो.

समजा, यादीत 50 लाख नोंदी आहेत. प्रत्येक नोंद बाकी सगळ्यांशी ताडायची तर सुमारे साडेबारा लाख कोटी जोड्या होतात. यंत्र सेकंदाला 10 लाख जोड्या तपासतं असं धरलं, तरी जवळजवळ पाच महिने लागतील. यादी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. म्हणून कुणीही सगळ्या जोड्या तपासत नाही. नावावरून एक छोटी खूण तयार करतात, सारखी खूण असलेल्या नोंदींचा एक गट पाडतात आणि तुलना फक्त त्या गटाच्या आत करतात. याला ब्लॉकिंग म्हणतात.

सर्वांत जुनी आणि आजही सर्रास वापरली जाणारी खूण म्हणजे साउंडेक्स. तिचं अमेरिकी पेटंट 1918 सालचं आहे. इंग्रजीत लिहिलेल्या नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर आणि h, w, y गाळायचे आणि पुढच्या बाकी व्यंजनांना उच्चारानुसार आकडे द्यायचे, अशी ती पद्धत. आपल्या आडनावांवर ती कशी चालते ते आधी पाहून घ्यावं. `Gaikwad` आणि `Gaekwad` दोन्हींची खूण `G230` येते, हे उत्तम. पण `Jadhav` ची `J310` आणि `Jadhao` ची `J300`. `Pawar` ची `P600` आणि `Pavar` ची `P160`. `Wagh` आणि `Vagh` यांचं तर पहिलं अक्षरच वेगळं. अशा जोड्या एका गटात येतच नाहीत, म्हणजे पुढची तुलना कितीही हुशार असली तरी ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. उलट `Patil` आणि `Patel` दोघेही `P340` मध्ये एकत्र येतात. काम घेणाऱ्याने w आणि v एकच धरणं, शेवटचे av, ao सारखे करणं एवढी तयारी खूण काढण्याआधी केली पाहिजे. याद्या देवनागरीत असतील तर साउंडेक्स थेट चालवू नये. मात्रा गाळून, ण-न, ळ-ल, श-ष-स एक धरून स्वतंत्र खूण करणं सोपं आणि जास्त भरवशाचं.

आता खर्चाचं गणित. तो सरासरी गटावर नाही, सर्वांत मोठ्या गटावर ठरतो. आपल्या यादीत पाटील 3 टक्के असतील तर त्या एका गटात दीड लाख नोंदी येतात. त्यांच्या जोड्या होतात 1,125 कोटी आणि आधीच्याच वेगाने त्यांना तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. खुणेत जन्मवर्ष जोडलं आणि हे पाटील साधारण 60 वर्षांत सारखे विभागले गेले, तर वर्षाला अडीच हजार नोंदी पडतात. सगळ्या वर्षांच्या मिळून जोड्या पावणेएकोणीस कोटी, वेळ तीन मिनिटं. एका जोडखुणेने एवढा फरक पडतो.

काम सुरू करण्याआधी हे आकडे पाहायला पैसे लागत नाहीत. पोस्टग्रेस हा फुकट मिळणारा डेटाबेस असेल तर त्यातलं `fuzzystrmatch` हे विस्तारक चालू करून एवढंच विचारावं:

```sql
SELECT soundex(surname) || '-' || birth_year AS khun,
       count(*) AS nondi,
       count(*) * (count(*) - 1) / 2 AS jodya
FROM people
GROUP BY 1
ORDER BY 3 DESC
LIMIT 20;
```

उत्तरातल्या पहिल्या चार-पाच ओळीच खर्च सांगतात. तिथे एक रिकामी खूण दिसली तर थांबावं. त्या जन्मवर्ष न भरलेल्या नोंदी आहेत. मोजणीत त्यांचा एक अवाढव्य गट दिसतो. प्रत्यक्ष जोड्या लावताना मात्र रिकामं मूल्य कशाशीच जुळत नाही, त्यामुळे या नोंदी गुपचूप वगळल्या जातात. काम झटपट झालं म्हणून सगळे खूश होतात आणि दुबार नावं यादीत तशीच राहतात. अशा नोंदींसाठी वेगळी खूण मागावी.

एकाच खुणेवर भागत नाही, याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण विवाहित स्त्रिया. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या तीनपैकी दोन लग्नानंतर बदलू शकतात. आडनाव असलेल्या कितीही खुणा लावल्या तरी त्या सगळ्या एकाच ठिकाणी चुकतात. म्हणून दुसरी फेरी आडनाव सोडून हवी: स्वतःच्या नावाची खूण आणि पूर्ण जन्मतारीख. इथे 1 जून ही तारीख सांभाळावी. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की ती लिहिली जायची, त्यामुळे ‘सुनीता, 1 जून’ असे गट फुगतात. यादीत आईचं नाव असेल तर ते जोडावं, ते लग्नाने बदलत नाही. तालुका जोडू नये, कारण तो लग्नानंतर बदलण्याची शक्यता मोठी.

खूण ठरवण्याऐवजी काहीजण यादी नावाने लावून प्रत्येक नोंद पुढच्या नऊ नोंदींशीच ताडतात. जोड्या साडेचार कोटींच्या पुढे कधीच जात नाहीत, त्यामुळे खर्च आधीच पक्का असतो. पण पाटलांच्या दीड लाखांच्या रांगेत नऊ नोंदी म्हणजे काहीच नाहीत. आडनावांची गर्दी असलेल्या यादीला ही पद्धत एकटी वापरू देऊ नये.

दर मागताना दोन गोष्टी लेखी मागाव्यात. एक, सर्व फेऱ्या मिळून किती जोड्या तपासल्या जातील. दुसरी, आपल्याला आधीच माहीत असलेल्या दोनशे दुबार जोड्यांपैकी किती जोड्या कुठल्या ना कुठल्या गटात एकत्र येतात. त्या जोड्या स्वतः निवडाव्यात आणि त्यांत लग्नानंतर नाव बदललेल्या, वेगळ्या स्पेलिंगच्या मुद्दाम घ्याव्यात. सारखा मोबाइल क्रमांक पाहून शोधलेल्या जोड्या सोप्या असतात. त्यांच्यावरची टक्केवारी फसवी चांगली येते.

सॉफ्टवेअरचा खर्च जवळजवळ नाही. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने तयार केलेलं स्प्लिंक मोफत आहे आणि कुठल्या खुणेमुळे किती जोड्या वाढतात हे ते आधी मोजून दाखवतं. पैसा जातो शेवटी माणसांवर. यंत्राला ठरवता न आलेल्या 20 हजार जोड्या उरल्या आणि प्रत्येकीला एक मिनिट दिलं, तर एका माणसाचे रोज सात तासांप्रमाणे सुमारे 48 कामाचे दिवस जातात. हा आकडा दरपत्रकात नसेल तर ते काम आपल्याच कार्यालयावर येणार, असं समजून आपली माणसं आधीच मोजून ठेवावीत.

दर महिन्याला नव्या नोंदी येत असतील तर पूर्ण यादीचे पैसे पुन्हा देऊ नयेत. 20 हजार नव्या नोंदी फक्त आपापल्या गटातल्या जुन्यांशी ताडायच्या असतात. प्रत्येक गट अडीच हजारांचा धरला तरी जोड्या पाच कोटी होतात आणि काम मिनिटाच्या आत संपतं.