सुपारी आणि आखडणारे तोंड

तंबाखूमुळे मुखाचा कर्करोग होतो, ही गोष्ट आता खेडोपाडी ठाऊक झाली आहे. सुपारीविषयी मात्र तशी जाण आढळत नाही. पूजेत आणि पाहुणचारात तिला मान असल्याने ती निरुपद्रवी समजली जाते. तंबाखू सोडलेला मनुष्य सुगंधी सुपारीकडे वळतो, तो याच समजुतीने. वस्तुतः आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित सुपारीचीही गणना कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. खर्रा व मावा यांत तर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्रच असतात.

सुपारीत अरेकोलिन नावाचे द्रव्य असते. सुपारी गालात धरून राहिल्यास ते आतील नाजूक त्वचेत उतरते. तेथे चिवट तंतू वाजवीपेक्षा अधिक निर्माण होऊ लागतात आणि गालाची लवचीकता जाऊन तो ताठर बनतो.

हा बदल एकाएकी होत नाही. समजा, एक सतरा वर्षांचा विद्यार्थी रोज सुपारीच्या चार-पाच पुड्या खातो. प्रथम त्याला तिखट भाजी झोंबू लागते. तो ताटातील मिरची टाळतो. पुढे गालाची आतील बाजू फिकट पांढुरकी दिसते व बोटाला दोरीसारखे कठीण पट्टे लागतात. अखेर मोठा घास तोंडात जात नाही. दुखत नसल्याने तोवर घरात कोणाच्या ध्यानी येत नाही.

यासाठी एक साधी चाचणी आहे. तोंड पूर्ण उघडून स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे, एकाखाली एक अशी, वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये धरावीत. सामान्यतः ती सहज मावतात. मावत नसतील, तर दंतवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. तथापि, बोटे मावली म्हणजे तोंड निरोगी आहे असे नव्हे. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम अथवा गाठ आढळल्यास विलंब न लावता तपासणी करावी. लाल डाग विशेष धोक्याचा असतो. आवश्यक वाटल्यास डॉक्टर त्या जागेचा बारीक तुकडा काढून तपासतात. निश्चित निदान त्यावरूनच होते.

व्यसन सोडल्यावर पांढरे चट्टे पुष्कळदा कमी होतात. परंतु एकदा आखडलेला गाल सहसा पूर्ववत होत नाही. व्यसन सुटल्यास आजाराची पुढील वाढ मंदावू शकते. अशा तोंडात कर्करोग उद्भवण्याचा धोका राहत असल्याने नियमित तपासणी चालू ठेवावी लागते. म्हणूनच मुलाला जेवण झोंबू लागते, ती वेळच त्याला दंतवैद्याकडे नेण्याची होय.