बहात्तरला भागा, दामदुप्पट कधी ते कळेल



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत वह्या तपासताना एक ताई म्हणाल्या, "आत्ता पोरांची शाळा आहे, हात आखडता आहे. दहा वर्षांनी शंभराच्या जागी महिन्याला दोनशे टाकीन. मग फरक तो काय राहिला?" बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. तेव्हा वेळ नव्हता, म्हणून उत्तर इथे सविस्तर देते. वही आणि पेन घेऊन बसा.

सुरुवात बचतीपासून नको, कर्जापासून करू. ते आपल्याला जास्त पाठ आहे. कुणी सावकाराकडून शेकडा ३ रुपयांनी १,००० रुपये घेतले. म्हणजे महिन्याला ३० रुपये व्याज. पहिल्या महिन्यात ते दिलं नाही आणि त्याने ते मुद्दलात धरलं, की कर्ज झालं १,०३० रुपये. दुसऱ्या महिन्याचं व्याज या १,०३० वर लागतं, म्हणजे ३० रुपये ९० पैसे. वरचे नव्वद पैसे म्हणजे व्याजावरचं व्याज. त्यालाच चक्रवाढ म्हणतात. नव्वद पैशांकडे कोण बघतं? पण असंच चालू राहिलं तर वर्षाने कर्ज १,४२५ च्या वर जातं आणि दोन वर्षांनी २,०३२ रुपये होतं. घेतले हजार, द्यायचे दोन हजार.

ही दोन वर्षं गुणाकार न करताही काढता येतात. ७२ ला व्याजाच्या दराने भागायचं. दर महिन्याचा असेल तर उत्तर महिन्यांत येतं, वर्षाचा असेल तर वर्षांत. ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने. शेकडा २ असेल तर ३६ महिने. हाच बहात्तरचा नियम. तो अंदाजाचा आहे, पण रुपया-दोन रुपये शेकड्यापासून वर्षाला १० टक्क्यांपर्यंतच्या दरांना चांगला जुळतो. आपल्याकडे पूर्वी दामदुपटीचा नियम होता. सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे. हे दुप्पट होणं किती लवकर गाठतं, ते जुन्या लोकांनाही ठाऊक होतं.

आता तीच गोष्ट उलट बाजूने बघा. पोस्टातल्या किसान विकास पत्राचा दर एप्रिल २०२३ मध्ये ७.५ टक्के झाला आणि पैसे ११५ महिन्यांत दुप्पट होतील असं ठरलं. ७२ ला ७.५ ने भागा. ९.६ वर्षं, म्हणजे ११५ महिने. नियम बरोबर बसतो. दर सरकार बदलत असतं, म्हणून पैसे गुंतवण्याआधी त्या दिवशीचा दर पोस्टात विचारा आणि भागाकार घरीच करा.

आता ताईंचा प्रश्न. हिशेब सोपा जावा म्हणून वर्षाला ७.२ टक्के दर धरू. ७२ भागिले ७.२ म्हणजे १०. पैसे दर दहा वर्षांनी दुप्पट. दोन जावा आहेत असं समजा. थोरलीने वयाच्या पंचविसाव्या वर्षी महिन्याला १०० रुपये टाकायला सुरुवात केली आणि पंचावन्नपर्यंत टाकत राहिली. धाकटीने पस्तिसाव्या वर्षी सुरुवात केली, पण महिन्याला २०० रुपये टाकले, तेही पंचावन्नपर्यंत. वर्षाची रक्कम वर्षअखेरीस एकदम जमा होते आणि व्याज वर्षातून एकदा मुद्दलात मिळतं, असं धरलंय.

थोरलीने तीस वर्षांत भरले ३६,००० रुपये. धाकटीने वीस वर्षांत भरले ४८,०००. धाकटीने बारा हजार जास्त घातले. पंचावन्नाव्या वर्षी थोरलीच्या हातात येतात साधारण १,१७,५०० रुपये आणि धाकटीच्या हातात १,००,५०० रुपये. जास्त भरून सतरा हजार कमी.

हे कसं झालं? थोरलीच्या पैशांचे दहा-दहा वर्षांचे तीन वाटे करा. प्रत्येक वाट्यात तिने सारखेच, १२,००० रुपये घातलेत. शेवटच्या दहा वर्षांतल्या बारा हजारांचे व्याजासह झाले साधारण १६,७०० रुपये. मधल्या दहा वर्षांचेही आधी तेवढेच झाले होते, पण त्यांना दुप्पट व्हायला आणखी दहा वर्षं मिळाली, म्हणून ३३,५००. पहिल्या दहा वर्षांच्या बारा हजारांना दोनदा दुप्पट व्हायला सवड मिळाली, म्हणून त्यांचे झाले ६७,२००. म्हणजे पस्तिशीनंतर थोरलीने एक रुपया टाकला नसता, फक्त जुने पैसे हलवले नसते, तरी तिला ६७,२०० मिळालेच असते.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट समजून घ्या. दहा वर्षं उशीर केला म्हणजे सुरुवातीची थोडीशी वाढ बुडाली, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. बुडते ती शेवटची दुपटी आणि तीच सगळ्यात मोठी असते. एक हजाराचे दोन होतात तेव्हा वाढ एका हजाराची, पण चाराचे आठ होतात तेव्हा वाढ चार हजारांची. उशिरा सुरुवात करणाऱ्या बाईच्या वाट्याला ही चाराची आठ होण्याची पाळी येतच नाही.

पण हे सगळं एका अटीवर. व्याज काढून घ्यायचं नाही. १०,००० रुपये ७.२ टक्क्यांनी ठेवून दर वर्षी ७२० रुपये काढून घेतले, तर दहा वर्षांत हातात येतात ७,२०० आणि मुद्दल जसंच्या तसं. तेच न काढता ठेवलं तर मुद्दलावर १०,००० च्या वर मिळतात. तेव्हा मुदत ठेव ठेवताना बँकेत स्पष्ट सांगा की व्याज मुदतीच्या शेवटी एकदम हवं. सांगितलं नाही तर काही वेळा फॉर्मवर दर तीन महिन्यांचं व्याज टिकलेलं असतं. फॉर्म वाचून मगच सही करा.

गटातही हेच बघायचं. अंतर्गत कर्जाचं व्याज गटाच्या निधीत राहून पुन्हा कर्जाला फिरत असेल, तर चक्रवाढ आपल्या बाजूने चालते. दिवाळीला सगळं वाटून घेतलं, की पुढच्या वर्षी फिरायला पुन्हा नुसती बचतच उरते. वाटू नका असं मी म्हणत नाही. सणाला लुगडं घ्यायला पैसे लागतातच. पण किती वाटायचं आणि किती निधीत ठेवायचं, हे ठरावात लिहून घ्या.

दोन मर्यादाही सांगते. बाजारभाव वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले, तर ७२ भागिले ६, बारा वर्षांत तेलाचा डबा दुप्पट दराचा. म्हणून थोरलीच्या लाखाला तेव्हा आजच्या लाखाची किंमत नसेल. आणि साध्या बचत खात्यात ३ टक्के मिळत असतील, तर दुप्पट व्हायला चोवीस वर्षं लागतील. तिथे अडीअडचणीपुरतेच पैसे ठेवा.

नियम उलटाही चालतो. गावात कुणी येऊन सांगितलं की अमक्या योजनेत तीन वर्षांत दुप्पट, तर ७२ ला ३ ने भागा. २४ टक्के. पोस्ट साडेसात देत असताना हा माणूस चोवीस टक्के कुठून आणणार, ते त्याला सगळ्यांसमोर विचारा. बैठकीला येताना प्रत्येकीने घरातल्या एका पासबुकावरचा दर लिहून आणा. ७२ ला त्याने भागू आणि पुढची बचत कुठे टाकायची ते त्यावर ठरवू.