सव्वा लाख गिऱ्हाइकं की ऐंशी?

उद्योजकता वर्गात पालकांच्या एका गटाने दादरला उकडीचे मोदक विकायचा आराखडा मांडला. मुंबई सव्वा कोटीची, एक टक्का आपले, म्हणजे सव्वा लाख गिऱ्हाइकं!

मी विचारलं, एकीचे तासाला किती मोदक होतात? वीस. चौघी, पाच तास, म्हणजे चारशे. घरटी पाच धरले तर रोज ऐंशीच घरं. गिरगावात 1959 साली सातजणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, तेव्हा पहिल्या दिवशी चारच पाकिटं झाली होती.

खर्चात नारळ, गूळ, पिठी, गॅस सगळं होतं. मजुरी शून्य! मोदकामागे 6 रुपये नफा दाखवलेला. तासाला 100 रुपये मजुरी धरली, 5 तिथेच गेले. उरलेल्या रुपयातून न खपलेले मोदक भागवायचे, कारण पापडासारखे ते टिकत नाहीत.