कांद्या-लसणीचा उग्रपणा येतो कोठून?

लसणीची सोललेली अख्खी पाकळी नाकाशी धरून पाहावी. तिला जेमतेम वास येतो. तीच पाकळी ठेचली की क्षणात उग्र दर्प सुटतो. याचा अर्थ असा की, हा उग्रपणा लसणीत तयार नसतो; तो सुरी लागल्यावर जन्मतो. तिच्या सूक्ष्म पेशींत गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात, तर त्याचे विघटन करणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात व मिनिटभरात झणझणीत ‘अ‍ॅलिसिन’ तयार होते. कांद्यातही हाच प्रकार घडतो; मात्र त्यात आणखी एक विकर असून, त्यामुळे डोळ्यांत पाणी आणणारी वाफ निर्माण होते. या दुसऱ्या विकराचा शोध जपानी संशोधकांनी 2002 साली प्रसिद्ध केला.

आता आपल्या हैदराबादेतील बिर्याणीचा बेत घेऊ. सोबतच्या कोशिंबिरीला कांदा कच्चाच हवा. जितक्या पेशी फुटतील तितका तो झोंबणार. म्हणून धारदार सुरीने उभा, पातळ चिरावा. किसलेला कांदा सर्वांत उग्र लागतो. चिरल्यावर गार पाण्यात दहा मिनिटे ठेवून निथळला की कापांवर सुटलेला रस धुऊन जातो. न धुता तासभर ठेवल्यास डोळ्यांची चुरचुर कमी होते खरी, पण शिळा, जड वास येतो.

दह्याच्या चटणीत लसूण सौम्य हवी असेल तर ती लिंबाच्या रसातच ठेचावी. तीव्र आंबटपणात विकर थिटे पडते. आधी ठेचून मागाहून लिंबू पिळल्यास फारसा उपयोग नाही. अ‍ॅलिसिन तोवर तयार झालेले असते.

उष्णतेचा परिणाम घरीच पाहता येतो. एक पाकळी अख्खीच वरणात शिजवावी. दुसरी ठेचून, दोन मिनिटे थांबून, तेलात परतावी. पहिली मऊ व गोडसर लागेल. कारण पेशी फुटण्याआधीच उष्णतेने विकर निकामी झाले. दुसरीत अ‍ॅलिसिन आधीच तयार झाले व तेलात त्याचे रूपांतर खमंग, भरदार वासाच्या द्रव्यांत झाले. फोडणीत लसूण ठेचून घालतात ती यासाठी.

बिर्याणीवरील तळलेला कांदा, म्हणजे बिरिस्ता, याचेच पुढचे टोक. मध्यम आचेवर प्रथम पाणी उडते, उग्र द्रव्ये वाफेबरोबर जातात, आणि मग कांद्यातील साखर तांबूस होते. आच मोठी असेल तर कडा करपून मधला भाग कच्चाच राहतो. कडू चव हीच त्याची खूण. रंग फिकट सोनेरी असतानाच कांदा काढून कागदावर पसरावा. अंगच्या उष्णतेने तो आणखी गडद होतो.

चिरणे, थांबणे व तापवणे यांचा क्रम बदलला की तोच कांदा झोंबतो, तोच गोड लागतो.