सौर बंबाचे एका मिनिटातील निवेदन

गृहनिर्माण संस्थांना सौर जलतापक विकू पाहणाऱ्या नवउद्योगाला आपले म्हणणे थोडक्यात मांडावे लागते. लिफ्ट तळमजल्यावरून वर पोहोचेपर्यंत ते संपावे, अशी व्यवसायात रूढ झालेली कल्पना आहे. पारोळ्यासारख्या गावी इमारतीला लिफ्ट नसली, तरी संस्थेचे पदाधिकारी जिन्यात देतात तो वेळही तेवढाच असतो. त्यात कोणता आकडा सांगावा, हा खरा प्रश्न होय.

उदाहरणादाखल 24 घरांची संस्था घेऊ. प्रत्येक घरी दररोज 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत विजेवर तापविण्यास सुमारे 5 युनिट लागतात. युनिटचा दर 8 रुपये आणि नळजोडणीसह संपूर्ण यंत्रणेचा खर्च 6 लाख रुपये मानू. वर्षाचे 300 दिवस उन्हाचे धरल्यास वार्षिक बचत 2 लाख 88 हजार रुपये होते व खर्च सुमारे दोन वर्षांत वसूल झालेला दिसतो.

परंतु खानदेशात वैशाखात गच्चीवरील टाकीतले पाणी आपोआपच तापते. ऊन सर्वांत प्रखर असते, तेव्हाच गरम पाण्याची गरज सर्वांत कमी असते. जी वीज जळणारच नव्हती, ती वाचली असे म्हणता येत नाही. हिवाळ्याचे 120 दिवसच धरले, तर बचत 1 लाख 15 हजार रुपयांवर येते आणि वसुलीस सव्वापाच वर्षे लागतात. गॅसवर पाणी तापविणाऱ्या कुटुंबांचा हिशोब वेगळा करावा लागतो.

दुसरी अडचण नळात असते. 25 मिलिमीटर व्यासाच्या नळात दर मीटरला सुमारे अर्धा लिटर पाणी राहते. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत 30 मीटर नळ असल्यास पहाटे प्रथम 15 लिटर, म्हणजे जवळजवळ बादलीभर, गार पाणी येते. रहिवासी कंटाळून विजेचा गीझर लावतो आणि कागदावरील बचत तेथेच संपते. यावर उपाय म्हणजे नळांना उष्णतारोधक वेष्टण देणे आणि परतीचा नळ व छोटा पंप बसवून पाणी फिरते ठेवणे. हा खर्च किमतीत प्रथमच धरलेला असावा.

यावरून निवेदन असे होईल : “आपल्या 24 घरांना हिवाळ्याचे चार महिने गच्चीवरून गरम पाणी मिळेल. उन्हाळ्याची बचत आम्ही धरलेली नाही. 6 लाखांचा खर्च सव्वापाच वर्षांत भरून निघेल. तळमजल्याच्या नळाला गार पाणी किती येते, ते बादलीने मोजून दाखवू आणि मगच शेवटचा हप्ता घेऊ. तूर्त रविवारी गच्ची मोजण्याची परवानगी द्यावी.”

गच्ची सर्व सभासदांच्या सामाईक मालकीची असल्याने अंतिम निर्णय सर्वसाधारण सभेतच व्हावयाचा असतो. तेथे एखादा सभासद आपले मे महिन्याचे वीजबिल पुढे करतो. 120 दिवसांचा हिशोब त्या बिलासमोर टिकतो, 300 दिवसांचा टिकत नाही.