गॅप का पडली, एवढंच सांग

अगं, काल फोनवर तू मुलाखतीतलं उत्तर म्हणून दाखवलंस ना, तेव्हा मी घड्याळ बघत होते. चार मिनिटं! बाबांचा झटका, आयसीयू, दादाला न मिळालेली रजा, रात्रीची नर्स न सांगता निघून गेली तेसुद्धा. सगळं खरं आहे गं. पण एचआरच्या मुलीला तीनच गोष्टी हव्या असतात: किती दिवस, कशामुळे, आणि आता तू मोकळी आहेस का.

मीही तेच करून बसले होते. आईच्या आजारपणात दीड वर्ष घरी होते, आणि पहिल्याच मुलाखतीत प्रामाणिकपणाच्या भरात सांगून टाकलं की तिचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. समोरच्या बाईंनी हळहळून मान हलवली आणि विचारलं, "मग आता त्यांना कोण नेतं?" झालं. पुढचा वेळ भावाची शिफ्ट आणि रिक्षा यांतच गेला, माझं काम राहिलं बाजूला. आजाराचं नाव घेतलं की ऐकणारा मनातल्या मनात हिशेब मांडतो: हे किती वर्षं चालणार, हिच्या रजा किती पडणार. त्यासाठी माणूस वाईटच असावा लागतो असं नाही.

तुझं वाक्य मी असं केलंय: "जुलै 2023 ते ऑक्टोबर 2024 मी वडिलांच्या आजारपणासाठी नोकरी सोडून घरी होते, आता त्यांच्या देखभालीची सोय लागली आहे आणि मी पूर्णवेळ काम करू शकते."

यातलं शेवटचं नीट बघ. "ते बरे झाले" असं म्हणू नकोस, त्यांचा उजवा हात अजून उचलत नाही. दिवसभराची बाई मिळाली आहे, म्हणून "सोय लागली" हे खरं. ती टिकली नसती, तर हे वाक्य मी तुला बोलू दिलं नसतं. महिनेही ओढूनताणून कमी करू नकोस. पीएफच्या नोंदीत लागल्याची आणि सोडल्याची तारीख असते, पडताळणीत ती जुळवून बघतात. मग आजारपण खरं असूनही तू खोटी ठरशील.

वाक्य संपलं की थांब. समोरची गप्प बसली तर बसू दे. त्याच शांततेत तू नर्सची गोष्ट काढतेस. "काय झालं होतं?" असं विचारलंच, तर "लांबलेलं आजारपण होतं, आता घडी बसली आहे," म्हण आणि लगेच त्यांच्या जीएसटीच्या कामाबद्दल विचार.

आज रात्री फोन कर, मी एचआर होते. आणि हो, "बाबा" नको, "वडील" म्हण. "बाबा" म्हटलंस की तुझा आवाज भरून येतो.