‘जरा’, ‘च’ आणि पार्किंगचा नंबर

शारजा

चि. सोनू,


वरच्या फ्लॅटवाल्यांना पाठवायचा मजकूर तू मराठीत लिहिलास आणि तसाच इंग्रजीत उतरवलास. दोन्ही वाचले. तुझा मराठी मजकूर चांगला आहे. इंग्रजी मात्र पाठवू नकोस.

तू लिहिलंस, “रोज रात्री तुमच्याकडे काहीतरी ओढाओढ चालू असते. जरा आवाज कमी करा ना. आणि गाडी आमच्याच जागेत लावता, किती वेळा सांगायचं? परवापासून असं चालणार नाही.” पुण्यातल्या सोसायटीत हे वाचून शेजारी थोडा ओशाळला असता. इंग्रजीत मात्र ‘जरा’ आणि ‘ना’ गळून पडले, मागे उरलं ‘रिड्यूस युवर नॉइज’. विनंतीचा हुकूम झाला. आपल्याकडे मऊपणा या छोट्या शब्दांत राहतो. इंग्रजीत तो वाक्याच्या घडणीत आणावा लागतो: ‘कुड यू प्लीज’ने सुरुवात कर आणि नेमकं काय हवं ते सांग. ‘आवाज कमी करा’ म्हणजे त्यांनी काय करायचं? रात्री 11 नंतर फर्निचर सरकवू नये, एवढंच ना? मग तेवढंच लिही.

‘तुमच्याकडे’चं तू ‘यू पीपल’ केलंस, ते आधी खोड. मराठीतलं ‘तुम्ही’ आदराचंही असतं. ‘यू पीपल’ मात्र समोरच्याच्या अख्ख्या देशावर, जातकुळीवर बोट ठेवल्यासारखं लागतं. इथे एका जिन्यात पाच देशांची माणसं राहतात, तिथे तर हे फारच झोंबतं. नुसतं ‘यू’ पुरे.

आता ‘आमच्याच’मधला ‘च’. तुझा सगळा राग त्या एका अक्षरात आहे आणि इंग्रजीत त्याला जोडीदार नाही. त्याचं काम पार्किंगचा नंबर करतो. ‘अवर प्लेस’ लिहिलंस तर घर की पार्किंग, हेही कळत नाही. ‘बे 112, जो आमच्या फ्लॅटला दिला आहे’ असं लिहिलंस की वाद घालायला जागाच राहत नाही. ‘किती वेळा सांगायचं’ हा आपल्याकडे प्रश्न नसून त्रागा असतो. इंग्रजीत तो थेट भांडण होतो. त्याऐवजी गाडी कोणत्या वारी होती ते लिही. ‘रोज’ही काढ, कारण त्यांनी एक शांत रात्र दाखवली की तू खोटा ठरशील. तू फोनवर शनिवार, सोमवार आणि मंगळवार म्हणालास. तेच तीन वार लिही. आणि ‘परवा’ तर मागचाही असतो, पुढचाही. तिथे ‘उद्यापासून’सारखा नेमका दिवस लागतो.

शेवटचं वाक्य तू ‘अदरवाइज यू विल सी’ असं केलंस. ते वाचून मला धस्स झालं. इथला 2021 चा 34 क्रमांकाचा संघीय कायदा 2 जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्यात फोनवरून किंवा नेटवरून कुणाला अपमानास्पद लिहिणं हा गुन्हा आहे, आणि दंड अडीच लाख ते पाच लाख दिरहम, किंवा तुरुंगवास, किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपही त्यातून सुटत नाही. धमकीचा वास येईल असं काही लिहायचंच नाही. त्यांचा किंवा त्यांच्या घरच्यांचा फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकायचा नाही. परवानगीशिवाय फोटो काढण्यावरही त्याच कायद्यात कलम आहे. मजकूर फक्त त्यांनाच पाठव.

ठामपणा धमकीत नसतो, पुढची पायरी शांतपणे सांगण्यात असतो. मी असं लिहिलं असतं:

“हॅलो, आय ॲम युवर नेबर फ्रॉम द फ्लोअर बिलो. ऑन सॅटरडे, मंडे अँड ट्यूजडे, वी हर्ड फर्निचर बीइंग मूव्ह्ड आफ्टर 11 ॲट नाइट. कुड यू प्लीज डू धिस अर्लिअर इन द इव्हनिंग? ऑल्सो, बे 112 इज अलॉटेड टु अवर फ्लॅट. युवर कार वॉज देअर ऑन संडे अँड वेन्सडे. प्लीज कीप इट फ्री फ्रॉम टुमॉरो. इफ इट हॅपन्स अगेन, आय विल आस्क द बिल्डिंग मॅनेजमेंट टु हेल्प अस सेटल इट. थँक यू.”

वाक्यं मुद्दाम आखूड ठेवली आहेत. वरच्यांचीही मातृभाषा इंग्रजी नसणार; ‘काइंडली डू द नीडफुल’सारखं आपलं कचेरीतलं इंग्रजी त्यांना कळेलच असं नाही. ‘सॉरी टु डिस्टर्ब’ने सुरुवातही करू नकोस, आपण संकोचाने म्हणतो, पण ज्याची झोप मोडली त्यानेच माफी मागितल्यासारखं होतं.

पाठवण्याआधी हे इंग्रजी परत मराठीत करून मोठ्याने वाच. ‘अहो, जरा ऐकता का’ या सुरात वाचता आलं तर ठीक. ‘ए, ऐक रे’ असं वाटलं, तर ते वाक्य बदल. रात्री रागात लिहिलेलं रात्रीच पाठवू नकोस. उद्या सकाळी पाठव. आणि खालच्या नातूरला बे नंबर आधी विचारून घे, तुझ्या भाडेकरारातला नंबर तोच आहे ना, याची खात्री कर.

तुझी,
मावशी